तोंडातला चट्टा फोटोत कसा वाचावा, आणि तंबाखूच्या चट्ट्याचा तुकडा का काढावा लागतो

तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी आता राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाचा भाग आहे. त्यामुळे सातारा-सांगलीच्या खेड्यांतील उपकेंद्रांतून तोंडाच्या आतील भागाचे मोबाइलवर काढलेले फोटो कराड, विटा किंवा मिरजेच्या दंतवैद्यांकडे येतात. फोटोसोबत बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘गालात पांढरा डाग आहे, काय करावे?’ डॉक्टरांचे उत्तर ‘तुकडा तपासावा लागेल’ असे आले की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो. फोटो पाहून डॉक्टरांना कळत नाही का, मग कापाकापी कशाला? प्रश्न रास्त आहे. फोटो चट्ट्याबद्दल बरेच सांगतो, पण तो ज्या प्रश्नांची उत्तरे देतो त्यांत ‘हा कॅन्सर आहे का’ हा प्रश्न बसत नाही. चट्टा कोठे आहे, त्यातला कोणता भाग जास्त संशयास्पद आहे आणि किती घाई करायची, एवढेच फोटोवरून ठरते. म्हणूनच त्याचे वर्णन काळजीपूर्वक करावे लागते.

पांढरे का दिसते, लाल का दिसते

तोंडाच्या आतली त्वचा अनेक थरांच्या पेशींची बनलेली असते आणि त्या थरांखालून रक्तवाहिन्या जातात. निरोगी माणसाच्या गालाची आतली बाजू गुलाबी दिसते ती या रक्तवाहिन्यांमुळे, कारण वरचे थर पातळ आणि बऱ्यापैकी पारदर्शक असतात. त्याच जागी रोज तंबाखू आणि चुना दाबून ठेवला की त्वचा स्वतःच्या बचावासाठी वर केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचा थर चढवते. ऊसतोड मजुराच्या तळहाताला कोयत्याच्या मुठीने घट्टे पडतात, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की तोंडातला थर सतत लाळेत भिजलेला असल्यामुळे तो पांढराफटक दिसतो.

लाल चट्ट्याची गोष्ट उलटी आहे. तेथे वरचे थर पातळ झालेले असतात, केराटिन तयारच होत नाही आणि खालच्या रक्तवाहिन्या उघड्या पडल्यासारख्या दिसतात. दाहामुळेही लाली येते. पण दुसरे कोणतेही कारण सापडत नसताना आणि काही आठवडे टिकून राहिलेली, कडा स्पष्ट असलेली, मखमलीसारखी लाल जागा बहुतेक वेळा पेशींची नेहमीची वाढ-परिपक्वता बिघडल्याचे लक्षण असते. म्हणून तोंडात पांढऱ्यापेक्षा लाल रंगाची धास्ती अधिक घ्यायची. लोक नेमके उलट करतात. पांढरा डाग दिसला की घाबरतात आणि लाल जागेला ‘तोंड आले आहे’ म्हणून हळद-मध लावत बसतात.

दुसऱ्या कोणत्याही ओळखीच्या आजारात न बसणाऱ्या, पुसून न जाणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात आणि तशाच लाल चट्ट्याला एरिथ्रोप्लाकिया. दोन्ही रंग एकत्र असले, म्हणजे लाल पार्श्वभूमीवर पांढरे दाणे विखुरलेले असले, तर त्याला ठिपकेदार चट्टा म्हणू. ही नावे डोळ्यांनी दिसणाऱ्या रूपाला दिलेली आहेत. पेशींची अवस्था त्यांतून कळत नाही, हे पुढील सगळ्या मजकुराचे मूळ आहे.

फोटो फसवतो तो असा

वर्णन करण्याआधी फोटो विश्वासार्ह हवा. तंबाखू किंवा मिश्रीचे कण चिकटलेले असतील तर तपकिरी पडदा दिसतो, म्हणून आधी दोन-तीन वेळा खळखळून चूळ भरायला सांगावी. त्यानंतर गाल स्वच्छ बोटाने बाहेर ओढून धरावा आणि कापडाच्या पट्टीने लाळ हलक्या हाताने टिपून घ्यावी. ओल्या त्वचेवर फ्लॅशचा उजेड पडला की पांढरे ठिपके चमकतात आणि ते चट्ट्यासारखे दिसतात. त्यावर सोपा उपाय आहे. थोडा कोन बदलून दुसरा फोटो घ्यावा. उजेडाचा ठिपका जागा बदलतो, चट्टा बदलत नाही. पिवळ्या बल्बखाली पांढरा भाग पिवळसर दिसतो आणि लाली बुडून जाते, म्हणून शक्यतो दिवसा खिडकीजवळ फोटो काढावा आणि चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी.

सेल्फी कॅमेऱ्याचा घोटाळा आणखी वेगळा आहे. काही फोन आरशासारखी उलटी प्रतिमा जतन करतात, त्यामुळे डावा गाल उजवा वाटतो. म्हणून संदेशात ‘रुग्णाची डावी बाजू’ असे शब्दांत लिहावेच. मापासाठी चट्ट्याशेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदाची पट्टी धरता आली तर उत्तम, नाही तर दाताशी तुलना करता येते. खालची पहिली मोठी दाढ पुढून मागे साधारण ११ मिलिमीटर रुंद असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि दाणेदार पृष्ठभाग सपाट दिसू लागतो. त्याऐवजी तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

एक चट्टा, शब्दांत

नमुन्यादाखल एक रुग्ण घेऊ. वाळवा तालुक्यात कारखान्याला ऊस वाहणारा बावन्न वर्षांचा ट्रॅक्टरचालक आहे. वीसेक वर्षांपासून तो तंबाखू-चुना मळून डाव्या गालात, खालच्या दाढांशेजारी बार ठेवतो. काही दुखत नाही, फक्त तिखट लागले की जळजळ होते. फोटोत डाव्या गालाची आतली बाजू दिसते.

‘डाव्या गालात पांढरा डाग’ हे वर्णन खोटे नाही, पण ते निरुपयोगी आहे. उपयोगी वर्णन असे असेल : ‘रुग्णाच्या डाव्या गालाच्या आतील बाजूस, ओठाच्या कोपऱ्यामागून सुरू होऊन खालच्या दुसऱ्या दाढेसमोरपर्यंत गेलेला एक चट्टा आहे. लांबी सुमारे ३० मिलिमीटर, रुंदी १५ मिलिमीटर. पुढचा दोन-तृतीयांश भाग एकसारखा पांढरा, पातळ, सुरकुतलेला असून त्याची कड हळूहळू निरोगी त्वचेत मिसळते. मागच्या टोकाला सुमारे ८ मिलिमीटरचा लाल भाग आहे, त्याची कड स्पष्ट आहे आणि त्यावर बारीक पांढरे दाणे आहेत. उघडी जखम दिसत नाही. समोरच्या दाढेची कड तुटलेली दिसत नाही. बार ठेवण्याची जागा पुढच्या पांढऱ्या भागाशी जुळते, लाल भाग त्या जागेच्या मागे पडतो.’

या वर्णनात जागा, संख्या, माप, रंग, पृष्ठभाग, कड आणि सवयीची जागा एवढे मुद्दे येतात. त्यांपैकी प्रत्येक मुद्द्यावरून डॉक्टर काही शक्यता बाजूला सारतात. चट्टा एकाच बाजूला आहे. दोन्ही गालांत सारखी, जाळीसारखी पांढरी रेषाकृती दिसली असती तर लायकेन प्लानस या वेगळ्याच आजाराचा विचार आधी झाला असता. तुटकी, धारदार दाढ समोर असती तर ती घासून तयार झालेला घट्टा असण्याची शक्यता वाढली असती. ओठाच्या कोपऱ्यालगतच्या चट्ट्यावर अनेकदा बुरशीचा संसर्ग बसलेला असतो, हेही मनात ठेवावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच चट्ट्यात दोन निरनिराळी रूपे आहेत. लाल दाणेदार भाग बारच्या थेट दाबाखाली नसतानाही बदललेला आहे, म्हणून तो केवळ घर्षणाचा किंवा चुन्याच्या चटक्याचा परिणाम मानता येत नाही. वर्णन करणाऱ्याने ‘पांढरा डाग’ लिहून सोडून दिले असते, तर हा मागचा ८ मिलिमीटरचा भाग कोणाच्या नजरेत आलाच नसता.

फोटोत न येणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी समोर बसवूनच तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे चट्टा पुसला जातो का. कापडाने हलके घासल्यावर पांढरा थर निघून खाली लाल जागा दिसली तर बुरशीची शक्यता मोठी असते. दुसरी, गाल ताणल्यावर पांढरेपणा नाहीसा होतो का. कित्येक निरोगी माणसांच्या गालात असा दुधाळ रंग असतो, तो ताणल्यावर जातो आणि त्याची चिंता नसते. तिसरी आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे कडकपणा. हातमोजा घालून चट्टा दोन बोटांत धरून पाहिला आणि खाली कडक, घट्ट थर लागला, तर तुकडा तपासण्यात एक दिवसही वाया घालवू नये. त्याबरोबर जबड्याखालच्या आणि मानेच्या गाठी चाचपायच्या आणि तोंड किती उघडते ते मोजायचे. मावा, गुटखा, सुपारी खाणाऱ्याचे तोंड आखडलेले असेल, गालात दोरीसारखे पट्टे लागत असतील, तर चट्ट्याबरोबर दुसराही आजार चालू आहे असे समजावे.

आपल्या ट्रॅक्टरचालकाच्या बाबतीत चट्टा पुसला जात नाही, ताणल्यावर जात नाही, पुढचा भाग मऊ आहे आणि मागचा लाल भाग किंचित जाड लागतो. मानेत गाठ नाही. चित्र स्पष्ट होत चालले, तरी उत्तर अजून मिळालेले नाही.

तंबाखूच्या चट्ट्याला तुकडा का लागतो

कॅन्सरची सुरुवात दिसते ती पेशींच्या रचनेत. निरोगी त्वचेत खालच्या थरात पेशी जन्मतात, वर सरकताना चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. ही शिस्त बिघडली, केंद्रके मोठी व वेडीवाकडी झाली, वरच्या थरांतही पेशी विभागू लागल्या, की त्याला डिस्प्लेझिया म्हणतात. तो सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतो. बिघडलेल्या पेशींनी खालचा पातळ पडदा ओलांडला की तो कॅन्सर. हा पडदा डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काप ठेवल्याशिवाय तो ओलांडला गेला आहे की नाही हे कळत नाही, आणि वरून अगदी निरुपद्रवी वाटणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याखाली कधी कधी मध्यम-तीव्र बिघाड सापडतो.

तंबाखूचा संबंध असल्याने शंका कशी वाढते, हे रसायनांवरून समजते. तंबाखू सुकवताना आणि साठवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात आणि ती पेशींच्या जनुकीय द्रव्याला इजा करतात. चुन्याने त्या जागेचा अल्कधर्मीपणा वाढतो, त्वचा चिडते आणि रसायने आत शिरणे सोपे होते. बार एकाच जागी तासन्‌तास राहतो, त्यामुळे इजा पुन्हा पुन्हा त्याच पेशींना होते. धूरविरहित तंबाखू आणि सुपारी, दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मानवात निश्चित कॅन्सरकारक म्हणून नोंदवले आहे.

येथे घाबरवण्यासारखे काही लिहायचे नाही, म्हणून प्रमाणही सांगतो. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुसंख्य कधीच कॅन्सर होत नाहीत. सर्वसाधारण अंदाज वर्षाला शंभरात एक-दोन असा आहे. लाल चट्ट्याचे गणित मात्र फार वेगळे आहे. शेफर आणि वॉल्ड्रन यांनी १९७५ मध्ये ६५ लाल चट्ट्यांचे तुकडे तपासले, तेव्हा सुमारे निम्म्यांत आधीच पसरणारा कॅन्सर होता, आणखी ४० टक्क्यांत तीव्र बिघाड किंवा पडदा न ओलांडलेला कॅन्सर होता, आणि एकही तुकडा पूर्णपणे निर्दोष नव्हता. ‘थोडे दिवस बघू’ हे धोरण पांढऱ्याला कधी कधी चालते, लालला नाही, याचे कारण या आकड्यांत आहे.

म्हणून सर्वांना सरसकट लगेच तुकडा असा नियम नाही. पातळ, मऊ, एकसारखा पांढरा, सुरकुतलेला आणि नेमका बारच्या जागी असलेला चट्टा असेल, तर तंबाखू पूर्ण बंद करून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पाहता येते. तो विरला तर छान, राहिला तर तुकडा. लाल, ठिपकेदार, दाणेदार, मस्सेदार, कडक किंवा व्रण पडलेला चट्टा असेल, किंवा तो जिभेच्या कडेला अथवा जिभेखाली असेल, तर वाट पाहू नये.

तुकडा नेमका कोठून

तुकडा सर्वांत सोप्या जागेतून घेतला तर तो रुग्णाला फसवतो. ट्रॅक्टरचालकाच्या चट्ट्याचा पुढचा पांढरा भाग हाताला सहज येतो, आणि तेथून तुकडा घेतला असता तर अहवालात ‘केराटिन वाढले आहे, डिस्प्लेझिया नाही’ असे आले असते. तो अहवाल बरोबरच असता, पण चट्ट्याच्या चुकीच्या भागाबद्दल. म्हणून दोन तुकडे घ्यावेत : एक मागच्या लाल दाणेदार भागातून, कडेची थोडी निरोगी त्वचा धरून, आणि दुसरा पुढच्या पांढऱ्या भागातून. दोन्ही वेगळ्या बाटल्यांत, वेगळ्या नावांनी.

जागा बधिर करणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन चट्ट्याच्या बाजूला देतात, थेट आत देत नाहीत, कारण द्रवाने पेशी फुगून काप बिघडतो. साधारण ५ मिलिमीटरचा तुकडा पुरेसा असतो, पण तो खोल हवा. फक्त वरची साल घेतली तर पडदा ओलांडला गेला का हेच दिसत नाही. तुकडा चिमट्याने चिरडला तर पेशी पिळवटून ओळखू येत नाहीत. तो लगेच त्याच्या आकारमानाच्या दहापट तरी असलेल्या, पेशी टिकवून ठेवणाऱ्या १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाकायचा. छोट्या दवाखान्यांत फॉर्मलिन संपले म्हणून तो साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये पाठवला जातो, आणि तोवर पेशी विरघळू लागलेल्या असतात. सोबतच्या कागदावर जागा, माप, रंग आणि तंबाखूची सवय लिहावी. सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या डॉक्टरांनी रुग्ण पाहिलेला नसतो, त्यांच्या हाती तेवढेच वर्णन असते.

जखमेला एक-दोन टाके पडतात आणि ती साधारण आठवड्यात भरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपणहून बंद करू नये, पण डॉक्टरांना आधी सांगावे.

लोकांचे आक्षेप

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. तुकडा काढल्याने साधा चट्टा कॅन्सर होत नाही. असा समज बहुधा उशिरा आलेल्या रुग्णांवरून होतो. तुकडा काढेपर्यंत आजार आधीच पुढे गेलेला असतो, आणि लोक दोन घटना जोडून टाकतात.

‘दुखत नाही, मग काय?’ याचे उत्तर असे की सुरुवातीचा बिघाड दुखत नाही. दुखणे, रक्त येणे, दात हलणे ही पुढच्या टप्प्याची लक्षणे आहेत.

निळा रंग लावून किंवा ब्रशने पेशी खरवडून होणाऱ्या चाचण्यांबद्दलही विचारले जाते. टोल्युडीन ब्ल्यू संशयास्पद जागा ठळक करतो आणि तुकडा कोठून घ्यावा हे ठरवायला मदत करतो. पण दाह असलेली निरोगी जागाही निळी पडू शकते, आणि ब्रशने आलेल्या सुट्या पेशींवरून थरांची रचना व पडदा कळत नाही. दोन्ही मदतनीस आहेत, पर्याय नाहीत.

‘हंगाम संपला की येतो’ हा आक्षेप नाही, पण सर्वांत महाग पडणारे वाक्य हेच. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि अनेकदा मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे पाच-सहा महिने. पातळ पांढऱ्या चट्ट्याच्या रुग्णालाही डॉक्टर पहिल्याच भेटीत तुकडा काढूया म्हणतात, ते बऱ्याचदा हा माणूस दोन आठवड्यांनी पुन्हा येणार नाही हे ओळखून. ते मला योग्य वाटते.

‘आम्ही तंबाखूला हात लावत नाही’ असे सांगणाऱ्याचा चट्टा मात्र दुर्लक्षण्यासारखा नाही. कारण सापडत नसलेल्या चट्ट्यांत कॅन्सर होण्याचे प्रमाण उलट जास्त आढळले आहे. आणि घरातील स्त्रियांना विचारताना ‘तंबाखू खाता का’ असे विचारून चालत नाही, कारण मिश्री लावणाऱ्या कित्येक बायका त्याला तंबाखू समजत नाहीत. ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे.

अहवाल आल्यानंतर

आपल्या उदाहरणात पुढच्या तुकड्यात केराटिन वाढले आहे, डिस्प्लेझिया नाही. मागच्या तुकड्यात तीव्र डिस्प्लेझिया आहे, पडदा ओलांडलेला नाही. आता मागचा भाग भोवतालच्या काही मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढायचा, आणि काढलेला संपूर्ण भाग पुन्हा तपासायचा, कारण पाच मिलिमीटरचा तुकडा फक्त स्वतःबद्दल सांगतो. पूर्ण भाग कापल्यावर कधी कधी तुकड्यात न दिसलेला कॅन्सरचा लहानसा कोपरा सापडतो. पुढचा पांढरा भाग तंबाखू बंद केल्यावर विरतो का ते पाहता येते.

शस्त्रक्रियेने चट्टा गेला तरी तंबाखूने भिजलेली बाकीची त्वचा तीच असते. तेथे दुसऱ्या जागी चट्टा निघू शकतो, म्हणून पहिले वर्ष साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहा महिन्यांनी तपासणी ठेवतात. या भेटींत पहिल्या फोटोचा खरा उपयोग होतो. त्याच कोनातून, तशाच उजेडात, तीच मापपट्टी ठेवून नवा फोटो घ्यायचा आणि जुन्याशेजारी ठेवून रंग, कड आणि पृष्ठभाग ताडून पाहायचा. कोठे नवी लाली, दाणे किंवा व्रण दिसला, तर जुना अहवाल त्या नव्या जागेला लागू होत नाही. तेथून नवा तुकडा घ्यावा लागतो.